मिरवायचे आकडे आणि कामाचे आकडे : प्रोजेक्ट मोजताना या चुका टाळा

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण शिकता शिकता काहीतरी चालवताय. कुणाचं अ‍ॅप आहे, कुणाचं चॅनल, कुणाचा छोटा धंदा. मी आज एकच उदाहरण घेऊन बोलणार आहे : हॉस्टेलच्या मुलांना घरगुती डबा पोचवणारं अ‍ॅप. त्यातले आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मीच ठरवलेत, पण चित्र असंच दिसतं.

डिसेंबरात ४०० डाउनलोड झाले, जानेवारीत ५००, फेब्रुवारीत ६००. पोस्टरवर मोठ्या अक्षरात '१५०० डाउनलोड' आणि खाली चढत जाणारी रेघ. बघणारा खूश, चालवणारेही खूश. मार्चमध्ये मात्र डबे उरायला लागतात आणि का ते कुणालाच कळत नाही.

एकूण बेरजेवर विसंबणं

ही चढती रेघ खाली येऊच शकत नाही. उद्या सगळ्यांनी अ‍ॅप काढून टाकलं तरी आजवरची बेरीज १५०० च राहणार. इंग्रजीत अशा आकड्यांना 'व्हॅनिटी मेट्रिक्स' म्हणतात, मी त्यांना मिरवायचे आकडे म्हणतो. ओळखायची खूण सोपी आहे : धंदा पार बसला तर हा आकडा पडेल का, एवढं स्वतःला विचारा. पडणार नसेल, तर तो तुम्हाला वेळेवर सावध करणार नाही.

आकडा कसा मोजला जातो हेही तपासा. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सच्या व्ह्यूजची मोजणी बदलली. व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा लागला की एक व्ह्यू, किती वेळ पाहिला याची अट नाही. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे व्ह्यूज शेजारी ठेवून 'आमचं चॅनल वाढलं' म्हणणं चूक आहे. जुन्या पद्धतीची मोजणी अ‍ॅनालिटिक्समध्ये 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने मिळते, तुलना तिच्याशी करा.

जुने-नवे ग्राहक एकत्र मोजणं

आता डब्याकडे येऊ. खरा प्रश्न हा की, एकदा डबा घेतलेला मुलगा महिन्याभराने परत घेतो का? त्यासाठी ग्राहकांच्या बॅच पाडायच्या. ज्या महिन्यात पहिली ऑर्डर, ती त्याची बॅच, जशी तुमची प्रवेशाच्या वर्षावरून ठरते. मग प्रत्येक बॅचमधले किती जण आपापल्या चौथ्या आठवड्यात पुन्हा ऑर्डर देतात ते मोजायचं.

डिसेंबरात १६० जणांनी पहिला डबा घेतला, चौथ्या आठवड्यात ४८ जण परत आले. म्हणजे ३० टक्के. जानेवारीत १८० पैकी ३६, म्हणजे २० टक्के. फेब्रुवारीत २०० पैकी २४, म्हणजे फक्त १२ टक्के. पोस्टरवरची रेघ चढत होती त्याच तीन महिन्यांत हा आकडा निम्म्याहून खाली आला.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, गुगल शीट पुरते. ए कॉलममध्ये फोन नंबर, बी मध्ये ऑर्डरची तारीख. सी मध्ये त्या नंबरची पहिली तारीख काढायची आणि डी मध्ये त्यानंतरचा कितवा आठवडा ते. हे दोन फॉर्म्युले खालपर्यंत ओढा :

```
C2:  =MINIFS(B:B,A:A,A2)
D2:  =INT((B2-C2)/7)
```

मग फेब्रुवारीच्या बॅचमधले चौथ्या आठवड्यात आलेले, प्रत्येक जण एकदाच धरून :

```
=COUNTUNIQUEIFS(A:A,C:C,">="&DATE(2026,2,1),C:C,"<"&DATE(2026,3,1),D:D,4)
```

डी मध्ये पहिले सात दिवस शून्यावा आठवडा म्हणून येतात, त्यामुळे ४ म्हणजे पहिल्या ऑर्डरनंतरचा २८ ते ३४ वा दिवस. उत्तर फारच कमी आलं तर आधी फोन नंबर बघा. कुठे +91 लावून आणि कुठे न लावता लिहिला असेल, तर एकच मुलगा दोन ग्राहक होतो आणि परत आलेला माणूस नवा दिसतो.

कारण न शोधता उपाय करणं

१२ टक्के दिसल्यावर बहुतेकांचा पहिला विचार 'आणखी एक ऑफर काढू' असा असतो. थांबा, ती बॅच आधी फोडून बघा.

फेब्रुवारीच्या २०० पैकी १२० जण 'पहिला डबा एक रुपयात' या कूपनवर आले होते. त्यातले परत आले ६. पूर्ण पैसे देऊन आलेल्या ८० पैकी परत आले १८, म्हणजे साडेबावीस टक्के. कूपनने डाउनलोड आणले, पण जेवणारे फारसे आणले नाहीत. तरीही साडेबावीस हे डिसेंबरच्या ३० पेक्षा कमीच आहेत, आणि डिसेंबरात कूपन नव्हतं. म्हणजे आणखी काहीतरी बिघडलंय.

त्या ८० जणांचे पहिले डबे किती वाजता पोचले ते काढलं. ५० जणांचा डबा जेवणाच्या सुट्टीआधी पोचला होता, त्यातले १५ परत आले : ३० टक्के, बरोबर डिसेंबरइतके. उरलेल्या ३० जणांचा डबा उशिरा पोचला, त्यातले ३ परत आले. भाजी तीच, हात तोच. एकाच स्वयंपाकघरावर एक रुपयाच्या डब्यांचा भार पडला आणि पूर्ण पैसे देणारा मुलगा उपाशी लेक्चरला गेला.

इथे एक सावधगिरी हवी. ३० पैकी ३ हा लहान आकडा आहे. आणखी दोघे आले असते तरी प्रमाण १० वरून जवळजवळ १७ टक्के झालं असतं. म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका, न आलेल्या सत्तावीस जणांना फोन करा. सत्तावीस फोन एका संध्याकाळचं काम आहे, आणि 'डबा आला तेव्हा तास सुरू झाला होता' हे वाक्य किती वेळा ऐकू येतं ते तुम्हाला स्वतःलाच कळेल.

सरासरी काढताना सोडून गेलेल्यांना वगळणं

सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ ते फुगवून दाखवत होते. भागाकार करताना तीन सेकंदांहून कमी पाहणारे छेदात धरलेच जात नव्हते. डब्यातही हीच गफलत होते. 'दर ग्राहकामागे महिन्याला १२ डबे' असं सांगताना फक्त त्या महिन्यात जेवलेले मोजले, तर लोक सोडून जातील तशी सरासरी सुधारत जाते, कारण मागे रोजचेच उरतात. भागायचं त्या बॅचमधल्या सगळ्यांनी.

घाईने मोजणं

२८ फेब्रुवारीला पहिला डबा घेतलेल्या मुलाचा चौथा आठवडा ३ एप्रिलला संपतो. मार्चच्या मध्यावर तुम्ही फेब्रुवारीची बॅच मोजली तर ती उगाचच वाईट दिसेल. महिना मिटल्यावर पस्तीस दिवस जाऊ द्या. मधे सुट्टी किंवा परीक्षा आली असेल, तर त्याच आठवड्यात जुन्या बॅचच्या ऑर्डर बघा. त्याही तशाच पडल्या असतील तर मुलं गावी गेली आहेत. फक्त नवी बॅच पडली असेल तर दुपारी डबे निघतात त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा आणि पहिला डबा किती वाजता बाहेर पडतो ते लिहून घ्या.