ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना डिफरन्शियल रिले ट्रिप होतो तेव्हा

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत टेस्टिंगच्या कामाला लागलात की हा प्रसंग लवकरच समोर येतो. वार्षिक शटडाऊन संपलेलं असतं, सगळ्या टेस्ट चांगल्या आलेल्या असतात, एचव्ही ब्रेकर लावला जातो आणि क्षणार्धात तो पडतो. रिलेवर डिफरन्शियलचा, म्हणजे ८७ चा, फ्लॅग असतो. कारखान्याचा मॅनेजर मागे उभा असतो आणि प्रत्येक जण काही ना काही सुचवत असतो. अशा वेळी नेमकं काय बघायचं, ते मी एका केसवरून सांगतो.

अंबडमधल्या एका कारखान्यात ३३/११ केव्ही, ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता. एचव्हीला डेल्टा, एलव्हीला स्टार. एचव्ही बाजूचा फुल लोड करंट साधारण ८७.५ अँपिअर. एलव्ही ब्रेकर उघडा ठेवून एचव्हीने चार्ज केला आणि रिले ट्रिप झाला.

डिफरन्शियल रिले दोन्ही बाजूंच्या सीटींमधून येणारा करंट ताडून बघतो. आत गेलेला करंट हिशोबाप्रमाणे बाहेर निघाला तर सगळं ठीक. नाही निघाला तर तो आतच कुठेतरी मुरतोय, म्हणजे फॉल्ट आहे, असं तो धरतो. चार्ज करताना मात्र जो करंट येतो तो फक्त एचव्ही बाजूनेच येतो. कोअरला चुंबकत्व देण्यासाठी तो लागतो आणि एलव्हीला त्याचा मागमूसही नसतो. त्यामुळे रिलेला तो हुबेहूब आतल्या फॉल्टसारखा दिसतो.

आता हा करंट एवढा मोठा का होतो? नेहमीच्या चालू स्थितीत नो-लोड करंट अर्धा अँपिअरच्या आसपास असतो. कोअरमधला फ्लक्स व्होल्टेजच्या मागे ९० अंशांनी चालतो आणि उणे शिखरापासून अधिक शिखरापर्यंत झुलत राहतो. पण ब्रेकर जर नेमका व्होल्टेज शून्यातून जात असताना लागला, तर फ्लक्सला शून्यापासून सुरुवात करून पुढच्या १० मिलिसेकंदांत तेवढाच पूर्ण झोका एकाच दिशेने घ्यावा लागतो. म्हणजे तो नेहमीच्या शिखराच्या दुप्पट व्हायला बघतो. कोअर डिझाइन केलेला असतो साधारण १.७ टेस्लाला, आणि स्टील २ टेस्लाच्या आसपास सॅच्युरेट होतं. मागणी मात्र ३.४ टेस्लाची असते. त्यात आधीचं चुंबकत्व कोअरमध्ये त्याच दिशेने शिल्लक असेल तर तेही वर चढतं. सॅच्युरेट झालेला कोअर जणू नसल्यासारखाच होतो, वाइंडिंगचा अडथळा कोसळतो आणि करंट फुल लोडच्या कित्येक पट उसळतो. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे ब्रेकर कोणत्याही क्षणी लावला तरी एखाद्या फेजचा वाईट क्षण गाठला जातोच. चार्ज करताना उसळणाऱ्या या करंटलाच इनरश म्हणतात. ब्रेकर कोणत्या क्षणी लागला आणि कोअरमध्ये किती चुंबकत्व शिल्लक होतं यावर तो ठरतो, म्हणून दर वेळी वेगळा येतो. मागच्या वेळी ट्रिप झाला नव्हता, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग रिलेने फरक ओळखायचा कसा? इनरशमध्ये करंट एका अर्ध्या सायकलमध्ये उसळतो आणि दुसऱ्या अर्ध्यात जवळजवळ शून्यावर राहतो. अशा एकतर्फी आकारात सेकंड हार्मोनिक, म्हणजे १०० हर्ट्झचा भाग, भरपूर असतो. आतल्या फॉल्टच्या करंटमध्ये तो सहसा फार कमी असतो. त्यामुळे सेकंड हार्मोनिकचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की रिले डिफरन्शियलला रोखून धरतो. ही मर्यादा बहुतेक ठिकाणी १५ टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते.

या केसमध्येही ती १५ टक्केच होती. रिलेमधून डिस्टर्बन्स रेकॉर्ड काढलं तेव्हा आर फेजचं पहिलं शिखर ६२० अँपिअरच्या आसपास होतं, म्हणजे फुल लोडच्या शिखराच्या पाचपट. पुढची शिखरं हळूहळू उतरत होती. एलव्हीचे तिन्ही करंट शून्य होते. सेकंड हार्मोनिक वाय फेजला ३१ टक्के, बी फेजला २४ टक्के, पण आर फेजला १३ टक्केच. ब्लॉकिंग फेजनिहाय असल्यामुळे आर फेज मोकळा राहिला आणि त्यानेच ट्रिप दिला. इथे एक सावधगिरी सांगतो: डेल्टाच्या लाइनमध्ये दोन वाइंडिंगचे करंट मिसळतात, त्यामुळे एखाद्या फेजचा करंट एकतर्फी न दिसता अधिक आणि उणे अशा दोन्ही दिशांना उसळलेला दिसला म्हणून लगेच फॉल्ट ठरवू नका. तिन्ही फेज एकत्र बघा.

आर फेजलाच प्रमाण कमी का आलं, याचं उत्तर आदल्या दिवशीच्या टेस्टमध्ये होतं. वाइंडिंग रेझिस्टन्स मोजताना एचव्हीला काही अँपिअर डीसी सोडला होता. अर्धा अँपिअरवर चालणाऱ्या कोअरला तेवढा डीसी म्हणजे पुरतं सॅच्युरेशन. टेस्ट संपल्यावर मोठं चुंबकत्व मागे राहतं. त्यावर इनरश आला की कोअर सायकलचा जास्त वेळ सॅच्युरेट राहतो, करंटचा उंचवटा रुंद होतो आणि सेकंड हार्मोनिकचं प्रमाण उतरतं. म्हणजे इनरश जेवढा जोरदार, तेवढं रिलेला तो ओळखणं अवघड.

तरीही रेकॉर्डवरून इनरश वाटला म्हणून लगेच पुन्हा ब्रेकर लावायचा नसतो. आम्ही आधी बुखोल्झ रिलेत गॅस जमला आहे का ते बघितलं, मग मेगर, रेशो आणि कमी व्होल्टेजवर मॅग्नेटायझिंग करंट तपासला. शेवटच्या टेस्टमध्ये तिन्ही फेजचे आकडे नेहमीच्या जुळणीपेक्षा वेगळे आले, ते शिल्लक चुंबकत्वामुळेच. काही जण अशा वेळी सीटीची पोलॅरिटी तपासत बसतात. एलव्ही ब्रेकर उघडा असेल तर एलव्ही सीटीत करंटच नाही, मग तिची पोलॅरिटी उलटी असली तरी या ट्रिपचं कारण ती नव्हे. ती चूक लोड आल्यावर दिसते.

आणखी एक सल्ला तिथे हमखास मिळतो: डिफरन्शियल बंद करून चार्ज करा, मग चालू करा. याला मी ठाम नकार देतो. देखभालीनंतर आत काही राहिलं असेल, कुठे जोडणी चुकली असेल, तर ते उघड होण्याची वेळ नेमकी पहिल्या चार्जिंगची असते, आणि त्याच वेळी मुख्य संरक्षण काढून ठेवणं चूक आहे.

आम्ही टेस्ट सेटच्या डीमॅग्नेटायझेशनने कोअर मोकळा केला. त्यात डीसीची दिशा दर वेळी उलटवत करंट टप्प्याटप्प्याने कमी करत शून्यापर्यंत आणतात. त्यानंतर मॅग्नेटायझिंग करंट पुन्हा मोजला, आकडे जुळले, मग चार्ज केला. इनरश आला, पण तिन्ही फेजला सेकंड हार्मोनिक मर्यादेच्या बरंच वर होतं आणि रिले थांबून राहिला.

सेटिंगमध्ये क्रॉस ब्लॉकिंगही चालू केलं, ठरावीक थोड्या सायकलपुरतं. त्यात एका फेजला हार्मोनिक सापडलं की तिन्ही फेज रोखले जातात. याची किंमतही आहे: चार्ज करतानाच एका फेजला खरा फॉल्ट झाला तर बाकी फेजच्या इनरशमुळे ट्रिप उशिरा येऊ शकतो. म्हणून वेळेची मर्यादा लागते, आणि हार्मोनिकची पर्वा न करणारा हायसेट डिफरन्शियल एलिमेंट चालू आहे आणि अपेक्षित इनरशच्या वर सेट आहे हे पाहावं लागतं. मर्यादा १५ वरून १० टक्के करणं हाही पर्याय असतो, पण मी तो नंतर विचारात घेतो. कारण सीटी सॅच्युरेट झाली तर खऱ्या फॉल्टच्या करंटमध्येही सेकंड हार्मोनिक येतं, आणि मर्यादा जितकी खाली तितका रिले तिथे नको तेव्हा अडकण्याचा धोका वाढतो.

साइटवर पोहोचल्यावर रिले रीसेट करण्याआधी रेकॉर्ड डाउनलोड करा. जुन्या रिलेमध्ये मोजकीच रेकॉर्ड राहतात, आणि घाईत पुन्हा ब्रेकर लावत गेलं की पहिली ट्रिप पुसली जाते.