दहावीच्या ऑनलाइन शिकवणीसाठी झूमची वेळापत्रकी मीटिंग

ऑनलाइन शिकवणी नव्याने सुरू करणारे बहुतेक शिक्षक दर तासाला नवी लिंक तयार करून पालकांच्या गटावर टाकतात. त्यामुळे पहिली काही मिनिटे 'सर, लिंक?' या प्रश्नाला उत्तर देण्यातच जातात. एका तुकडीसाठी एकच, पुन्हापुन्हा चालणारी मीटिंग आखावी, असे माझे ठाम मत आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता भरणारा दहावीच्या बीजगणिताचा वर्ग, झूमचे मोफत खाते आणि शिक्षकाचा लॅपटॉप, एवढे गृहीत धरून पुढील कृती सांगतो.

ब्राउझरमधून खात्यात शिरून Schedule a Meeting उघडावे, 'दहावी बीजगणित' असे नाव द्यावे आणि Recurring meeting वर खूण करावी. तेथे Weekly निवडून तिन्ही वार आणि शेवटची तारीख भरावी. No Fixed Time हा पर्याय सोपा वाटतो, पण त्यात तारखा नसल्याने विद्यार्थ्यांच्या कॅलेंडरात वेळापत्रक उतरत नाही. तारखा दिलेल्या असल्या की दिवाळीच्या सुट्टीतला एखादा तास तेवढा रद्द करता येतो आणि बाकीच्या तासांची लिंक तीच राहते. खात्याचा कायमचा वैयक्तिक क्रमांक मात्र वर्गासाठी वापरू नये. आठवीची तुकडीही त्याच क्रमांकावर येत असेल, तर दहावीचा तास संपण्याआधीच ती मुले दारात उभी राहतात.

मोफत खात्यातील मीटिंग चाळीस मिनिटांनी बंद होते, म्हणून शिकवणे पस्तीस मिनिटांत बसवावे. अर्जातील कालावधीच्या रकान्यात एक तास लिहिल्याने ही मर्यादा वाढत नाही.

त्याच अर्जात Waiting Room सुरू करावी, पासकोड ठेवावा आणि शिक्षकाआधी आत येण्याची मुभा बंद ठेवावी. प्रतीक्षा कक्षाचा खरा उपयोग मात्र नावे नीट दिसत असतील तरच होतो. 'आईचा फोन' किंवा नुसते एखादे मोबाइलचे मॉडेल असे नाव दिसले, तर आत कोणाला घेतो आहोत हेच कळत नाही. म्हणून हजेरी क्रमांक आणि नाव असे लिहूनच यावे, हे पहिल्याच आठवड्यात पालकांना कळवावे आणि तसे न लिहिणाऱ्याला आत घेण्यापूर्वी गटावर विचारून घ्यावे. Admit all हे बटण यादी वाचल्याशिवाय दाबायचे असेल, तर प्रतीक्षा कक्ष ठेवण्याला काही अर्थ उरत नाही.

खरी अडचण तास रंगात आल्यावर येते. एखाद्या मुलाचे नेट तुटते, तो परत येतो तेव्हा पुन्हा प्रतीक्षा कक्षातच थांबतो, आणि शिक्षक स्क्रीन शेअर करून वर्गसमीकरण सोडवण्यात गुंग असल्यामुळे त्याच्याकडे लक्ष जात नाही. सहभागींची यादी स्क्रीनच्या कडेला उघडी ठेवणे आणि प्रत्येक उदाहरण संपल्यावर तिच्यावर नजर टाकणे, एवढी सवय पुरते. तास सुरू झाल्यावर मीटिंगला कुलूप लावण्याचा सल्ला काही जण देतात, पण मग नेट तुटलेला विद्यार्थी प्रतीक्षा कक्षापर्यंतही पोहोचू शकत नाही. घरगुती शिकवणीत मला तो सल्ला पटत नाही.

आता रेकॉर्डिंग. मोफत खात्यात ते क्लाउडवर होत नाही, फक्त संगणकावर साठते. Automatically record meeting वर खूण केली की शिक्षक लॅपटॉपवरून आत येताच नोंद सुरू होते. परंतु त्या दिवशी शिक्षकाने मोबाइलवरून तास घेतला तर काहीच नोंदले जात नाही, कारण मोबाइलवर संगणकातील साठवणुकीची सोय नसते. त्यामुळे पाढे-सूत्रांना हात घालण्यापूर्वी स्क्रीनवर Recording हा शब्द दिसतो आहे ना, ते पाहावे. चाचणीचे गुण वाचून दाखवताना विंडोजवर Alt+P दाबून नोंद थांबवावी आणि तेच दाबून पुन्हा सुरू करावी. नोंद पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यास फाइलचे तुकडे होतात, तसे यात होत नाही.

मीटिंग संपल्यावर झूम त्या नोंदीचे mp4 मध्ये रूपांतर करते. तेवढ्यात लॅपटॉप मिटला तर फोल्डरमध्ये व्हिडिओऐवजी double_click_to_convert नावाची फाइल दिसते. ती उघडल्यास राहिलेले रूपांतर बहुधा पूर्ण होते, मात्र तोपर्यंत त्या फोल्डरमधील काहीही हलवू वा पुसू नये.

विद्यार्थी अठरा वर्षांखालील आहेत, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. म्हणून रेकॉर्डिंग होणार आहे, ते कोणाला मिळेल आणि केव्हा पुसले जाईल, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून पालकांची सही घ्यावी. शिवाय स्क्रीन शेअर होत असताना सहभागींचे लहान चेहरे नोंदवण्याचा पर्याय झूमच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये बंद करावा. मुलांचे आवाज तरीही नोंदले जातातच, तेव्हा संमतीपत्रात आवाजाचाही उल्लेख हवा.

पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी याची चाचणी घ्यावी. त्यासाठी घरातील दुसऱ्या मोबाइलवरून, झूमच्या कोणत्याही खात्यात न शिरता, लिंक उघडावी. तुमच्याच खात्याने उघडलेला फोन काही सेटिंगमध्ये थेट आत येतो आणि प्रतीक्षा कक्ष चालत नसल्याचा गैरसमज होतो.