फंड निवडताना ‘मॅक्सिमम ड्रॉडाउन’ आधी बघा

आधीच्या शिखरापासून नंतरच्या तळापर्यंतची सर्वांत खोल घसरण म्हणजे मॅक्सिमम ड्रॉडाउन. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला होता, 9 मार्च 2009 ला तो 8,160 वर आला. म्हणजे घसरण सुमारे 61 टक्के. आता 61 टक्के वाढ झाली की हिशेब फिटला, असं वाटतं. पण ती वाढ 8,160 वर मोजायची, म्हणजे जेमतेम 13,100 पर्यंतच पोहोचतो. जुना आकडा गाठायला जवळपास 156 टक्के वाढ लागली आणि त्यासाठी नोव्हेंबर 2010 ची दिवाळी उजाडली.

10 टक्के तोटा 11 टक्क्यांत भरून निघतो, 50 ला 100 लागतात आणि 80 गेले तर 400. खरी गोम पन्नाशीच्या पुढेच आहे.

आपल्या फंडाचं ड्रॉडाउन काढायला रोजची एनएव्ही एक्सेलच्या B स्तंभात तारखेनुसार, जुनी आधी, भरा. C2 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=B2/MAX(B$2:B2)-1
```

C मधला सर्वांत उणे आकडा तुमचं उत्तर. महिनाअखेरची एनएव्ही घेतलीत तर मधला खड्डा दिसतच नाही. एसआयपीच्या एकूण रकमेवरही हे मोजू नका, कारण दरमहा पडणारे नवे पैसे घसरण झाकून टाकतात. आणि फंड 2021 नंतर सुरू झालेला असेल तर उथळ ड्रॉडाउनवर भाळू नका, त्याने 2020 चा मार्च पाहिलेलाच नाही.