‘भाडं दिलं’, पण कुणी? कर्ता गाळताना या चुका टाळा

‘जेवलास का?’ एवढं विचारलं की कुणाला विचारलंय ते कळतं. ‘जेवलो की’ म्हटलं की उत्तर कुणाचं तेही कळतं. यात ‘तू’ नाही, ‘मी’ नाही, आणि कुणाचं अडतही नाही. इटालियन, स्पॅनिश, कन्नड याही अशाच कर्ता गाळणाऱ्या भाषा. इंग्रजी आणि फ्रेंच मात्र सर्वनामाशिवाय पाऊल टाकत नाहीत. कर्ता गाळता येण्याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की क्रियापदाचा शेवटच कर्ता सांगतो, मग सर्वनाम कशाला? मराठीपुरतं हे कारण निम्मंच खरं आहे. उरलेल्या निम्म्यात आपले निरोप, हिशेब आणि तक्रारअर्ज अडकतात.

समजा, तासगाव तालुक्यातल्या एका घरचा बेदाणा विक्रीला गेला. मालाबरोबर थोरला मुलगा आणि कामावरचा दत्ता. मुलानं वडिलांना निरोप टाकला:

‘गाडी पोचली. बॉक्स मोजले. चार फुटले होते. बाजूला काढले. पावती घेतली. भाडं दिलं.’

वडिलांनी वाचलं आणि भाडं पोरानं खिशातून दिलं असं धरून तेवढे पैसे त्याच्या खात्यावर टाकले. प्रत्यक्षात भाडं दिलं होतं व्यापाऱ्याच्या माणसानं, आणि ते पट्टीतून, म्हणजे मालाच्या हिशेबातून, वळतं होणार होतं. म्हणजे घरातून एकच भाडं दोनदा गेलं. निरोप खोटा नव्हता, वडिलांनी चुकीचाही वाचला नव्हता. ‘दिलं’ या क्रियापदात देणाऱ्याचा पत्ताच नव्हता.

पहिली चूक: भूतकाळात शेवटावर विसंबणं

निरोपातलं एकेक क्रियापद बघा. ‘पोचली’तली ‘ली’ गाडीची आहे आणि गाडी वाक्यातच आहे, म्हणून तिथं घोळ नाही. ‘मोजले’तला ‘ले’ मोजणाऱ्याचा नाही, बॉक्सांचा. ‘घेतली’तली ‘ली’ पावतीची. ‘दिलं’ हे भाड्यामुळं नपुंसकलिंगी झालं. मोजणारा, घेणारा, देणारा यांच्यापैकी एकाचीही खूण क्रियापदावर नाही. मी, आम्ही, दत्तानं, व्यापाऱ्याच्या बायकोनं, कुणीही घाला, ‘भाडं दिलं’ तसंच राहतं.

शाळेत यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. मार्कांसाठी तो पाठ केला जातो आणि नंतर विसरला जातो. याचं मूळ जुनं आहे. आपला भूतकाळ संस्कृतातल्या ‘मया पत्रं लिखितम्’ अशा रचनेतून आला. तिथं ‘लिखितम्’ हे पत्राचं विशेषण होतं, ते पत्राच्या लिंगावचनानं चालायचं आणि लिहिणारा बाजूला तृतीयेत उभा असायचा. ती मांडणी मराठीनं ठेवली. म्हणून सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की शेवट कर्त्याचा हात सोडून कर्माचा धरतो.

ही सगळ्या कर्ता गाळणाऱ्या भाषांची अडचण नाही. जत भागात घरी कन्नड बोलणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. कन्नडात ‘बाडिगे कोट्टे’ म्हटलं की भाडं मी दिलं, ‘बाडिगे कोट्टळु’ म्हटलं की तिनं दिलं. भूतकाळातही शेवट कर्त्याचाच. उलट मल्याळममध्ये ‘कोडुत्तु’ हे एकच रूप सगळ्यांना चालतं, क्रियापदावर पुरुषाची खूण नावालाही नसते, तरी तिथंही सर्वनाम सर्रास गळतं आणि ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. चिनीचंही तसंच. म्हणजे शेवट भरघोस असला तरच कर्ता गाळता येतो, असा नियम नाही. आपली भाषा या दोन्हींच्या मधली. जाईन-जाशीलमध्ये ती कन्नडासारखी वागते, दिलं-घेतलीमध्ये मल्याळमसारखी, आणि दोन्ही एकाच निरोपात येतात. वाचणारा घसरतो तो या सांध्यावर.

घोळ आहे का ते ओळखायची सोपी खूण: वाक्यात ‘त्यानं’ घालून बघा. ‘त्यानं भाडं दिलं’ सरळ बसलं, म्हणजे कर्त्याला ‘नं’ लागतंय आणि क्रियापद त्याच्याबद्दल गप्प आहे. तिथं नाव किंवा सर्वनाम लिहा. ‘त्यानं पोचला’ बसत नाही, म्हणजे तिथं शेवट कर्त्याचाच आहे.

दुसरी चूक: दुरुस्ती म्हणून सगळीकडं ‘मी’ कोंबणं

हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट. ‘मी गाडीबरोबर पोचलो. मी बॉक्स मोजले. मी पावती घेतली’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, याचं कुणाशी तरी वाजलंय. मराठीत गाळता येण्यासारखं सर्वनाम ठेवलं की त्याला वजन येतं: मी, दुसऱ्या कुणी नाही. पाहुण्यांकडून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. ‘मी येतो’ म्हटलं तर यजमान विचारणार, मग बाकीचे राहणार आहेत काय?

बोलणारे लोक हा पेच फार हुशारीनं सोडवतात, आणि सोडवतोय हे त्यांना ठाऊकही नसतं. ‘पैसे दिले’ऐवजी ‘पैसे देऊन आलो’ म्हणतात. ‘पावती घेतली’ऐवजी ‘पावती घेऊन आलोय’. येणं अकर्मक, त्यामुळं शेवट परत कर्त्याकडं येतो आणि ‘मी’ न उच्चारता ‘मी’ कळतो. ‘जेवण केलं’पेक्षा ‘जेवलो’ नेमकं आहे तेही यामुळंच. काही सकर्मक क्रियापदंही अशीच कर्त्याची बाजू सोडत नाहीत: विसरणं, शिकणं, पिणं, बोलणं. ‘पावती विसरलो’मध्ये पावती स्त्रीलिंगी असूनही क्रियापद विसरणाऱ्याचं आहे.

या हिशेबानं तो निरोप असा होतो:

‘पोचलो. दत्तानं बॉक्स मोजले. चार फुटले होते, ते बाजूला काढले. पावती घेऊन आलोय. भाडं व्यापाऱ्याच्या माणसानं दिलं.’

यात ‘मी’ एकदाही नाही. नाव घातलं ते दोनच ठिकाणी, जिथं क्रियापद गप्प होतं आणि माणूस बदलत होता. ‘बाजूला काढले’च्या आधी दत्ता पुन्हा लागला नाही, कारण नव्या माणसाचं नाव येईपर्यंत वाचणारा आधीचाच कर्ता पुढं चालवतो. ‘घेऊन’ मात्र जपून वापरा. ‘ऊन’ प्रत्यय लागलेल्या रूपाला स्वतःचा कर्ता नसतो, ते पुढच्या क्रियापदाचा उसना घेतं. ‘पावती घेऊन ड्रायव्हर गेला’ असं लिहिलंत तर पावती ड्रायव्हरकडं गेली.

तिसरी चूक: ‘उद्या पैसे देईल’

ही हल्ली फार दिसते. मराठीत सगळ्यात स्वच्छ काळ भविष्यकाळ. देईन, देशील, देईल, देऊ, द्याल, देतील: प्रत्येकाचा शेवट वेगळा. वर्तमानकाळात ‘येतो’ हे मी, तो आणि आम्ही तिघांनाही लागतं, भविष्यात तशी गर्दी नाही. म्हणून इथं सर्वनाम बिनधास्त गाळावं, पण एका अटीवर: ‘ईन’ जिवंत पाहिजे. ‘मी देईल’, ‘मी सांगेल’ असं बोलणाऱ्यांनी ते मोडीत काढलंय. ‘मी’ बरोबर असतो तोवर निभावतं. तो गाळला की ‘उद्या पैसे देईल’ या वचनात पैसे देणारा भलताच कुणीतरी होतो. उधारीच्या वहीत कुणी असं लिहून गेलं, तर ते वचन कुणाचं यावर वाद घालता येईल. ‘देईन’ लिहा, म्हणजे सुटायला जागा राहत नाही.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचे शेवट खाऊ नका

भूतकाळ कर्त्याला विसरतो, पण समोरच्या माणसाला विसरत नाही. ‘पावती घेतलीस?’ यात ‘ली’ पावतीची आणि ‘स’ तुझा. व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. स्पर्धा परीक्षेवाले ‘तू मला पुस्तक दिलेस’ हे उदाहरण घोकतात ते हेच. टाइप करताना लोक हा ‘स’ सोडतात. मग ‘पावती घेतली?’ हा प्रश्न तुला आहे, की दत्ताबद्दल तुला विचारलंय, ते कळत नाही.

‘तुम्ही’चं लेखी रूप थोडं फसवं आहे. ‘पैसे दिलेत’ म्हणजे तुम्ही दिले, किंवा पैसे दिले आहेत, कुणीही दिले असोत. आपल्या सांगलीकडचं बोलणं इथं जास्त नेमकं. ‘काय केलंसा?’, ‘कवा आलासा?’ यातला ‘सा’ फक्त ‘तुम्ही’चा, आणि ‘पैसे दिल्यात’ म्हटलं की दिले आहेत. लिहिताना हे गावंढळ म्हणून पुसलं जातं आणि त्याबरोबर फरकही पुसला जातो. ‘सा’ लिहायचा नसेल तर ‘तुम्ही’ लिहा, इथं ते जास्तीचं नाही.

आणखी एक सावधगिरी, थोडक्यात: ‘आलो’वरून बोलणारा पुरुष असं धरू नका. कोल्हापूर-सांगलीकडच्या कित्येक मुली ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतात. उलट ‘आले’ म्हणजे मी (बाई), ते सगळे, किंवा एकटे भाऊजी आदरानं, काहीही असेल.

दोन पुरुष, एक ‘तो’

शेवट पूर्ण स्पष्ट असूनही एक अडचण उरते. ‘संदीपनं सुनीलला फोन केला तेव्हा जेवत होता.’ जेवणारा कोण? बहुतेकजण संदीप म्हणतील. आता ‘तेव्हा तो जेवत होता’ करून बघा, पारडं सुनीलकडं झुकतं. इटालियनमध्ये हा कल प्रयोगांनी तपासला गेलाय: गाळलेलं सर्वनाम आधीच्या कर्त्याकडं जातं, उच्चारलेलं सर्वनाम दुसऱ्या माणसाकडं. मराठीतही ओढ तीच, पण ती ओढच आहे, नियम नव्हे. अपघाताचा जबाब किंवा भांडणाचा अर्ज लिहिताना तिच्या भरवशावर राहू नका. ‘रमेशनं महेशला ढकललं आणि पडला’ असं लिहून गेलात तर समोरचा वकील रमेशच पडला म्हणेल, आणि व्याकरण त्याच्या बाजूनं असेल. महेश पडला असेल तर ‘महेश’ हे नाव दुसऱ्यांदा लिहा.