माकडांचा त्रास : शेतात उतरल्यावर हाकलणं ही पहिली चूक

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात रानाला लागून शिवार असलं की भुईमूग, मका आणि भाजीपाला निम्मा माकडांचा, असं लोक धरूनच चालतात. पण राखण करूनही पीक जातं, तेव्हा राखणीची वेळ आणि जागा चुकलेली असते.

लाल तोंडाच्या माकडाला गालात पिशव्या असतात. टोळी शेतात उतरली की शेंगा चावत बसत नाही, गालात कोंबते आणि झाडावर जाऊन निवांत खाते. गळ्यापर्यंत फुगलेले गाल दिसले, की त्या माकडाचं काम झालेलं असतं. आपण आरडाओरडा करत धावतो, टोळी पळते, आपल्याला वाटतं हाकललं. तिच्या लेखी मात्र फेरी यशस्वी झाली, म्हणून ती उद्या पुन्हा येते. रानात दिवसभर पाला, फळं, किडे शोधून जे मिळतं, ते भरलेल्या शेंगांच्या चार वेलांत मिळत असेल, तर थोडी धावपळ तिला परवडते. टोळी शेतात पोचायच्या आधी अडली, तरच तिला ही फेरी महाग पडते.

काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराला गालपिशव्या नसतात. ते कोवळा पाला, फुलं, शेंगा जागेवरच बसून खातं आणि लांब उड्या मारतं. म्हणून आधी कोण येतंय ते ओळखा.

बुजगावणं आणि फटाक्यांवर भिस्त ठेवू नका

बुजगावणं, रबरी साप, वाघाचं चित्र हे सगळं थोडे दिवस चालतं. ते जागचं हलत नाही आणि त्यातून काही होत नाही, हे टोळीच्या लगेच लक्षात येतं. फटाक्यांचंही तेच. पाइपात कार्बाइड घालून बार काढायची बंदूक तर वापरूच नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

मग राखण कशी करायची?

समजा, वीस गुंठे भुईमूग आहे. एका बाजूला झुडपी रान आणि बांधाच्या कोपऱ्यावर जांभळाचं झाड. पहिल्यांदा दोन दिवस फक्त बघा, टोळी कुठून येते. बहुतेक वेळा ती त्या जांभळावर थांबते, अंदाज घेते आणि मगच उतरते. तेव्हा राखणदार शेताच्या मधल्या माळ्यावर नको, रान आणि जांभूळ यांच्यामध्ये हवा. पहाटे उजाडताना आणि दुपार कलल्यावर तो तिथे असलाच पाहिजे. टोळी झाडावर दिसताच हलगी नाहीतर डबा वाजवत तिच्या दिशेने चालत जायचं. दगड मारायचा नाही. जखमी माकड उलटून अंगावर येतं.

आपल्या मालकीच्या झाडाच्या शेताकडे झुकलेल्या फांद्या छाटा. झाड मुळापासून तोडायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते. रानाच्या बाजूची वीसएक फुटांची पट्टी झुडपं काढून मोकळी ठेवा. पळून चढायला जवळ झाड नसेल, तर लाल तोंडाचं माकड उघड्यावर यायला कचरतं. त्या पट्टीलगत भुईमुगाऐवजी हळद, आलं किंवा मिरची लावा, त्यांच्या वाटेला माकडं कमी जातात. शेंगा भरायच्या दिवसांत ही राखण चुकवायची नाही, आणि शेजाऱ्यालाही सोबत घ्या. एकाच शेतात राखण असली तर टोळी पलीकडच्या बांधावर सरकते आणि संधी मिळताच परतते.

सौर झटका कुंपण उपयोगी आहे, पण दोन अटींवर. तारांना गवत टेकलं की झटका कमी होतो, आणि कुंपणावर फांदी असली तर वानर वरूनच उडी मारतं. घरगुती लाइन थेट तारेत सोडू नका. त्यात माणसंही मरतात आणि तो गुन्हा आहे.

घराजवळ

जोतिबाला, पन्हाळ्याला माकडांना केळी, फुटाणे देणाऱ्यांमुळे त्यांची माणसाची भीती जाते आणि मग ती हातातली पिशवी ओढतात. ती सवय गावातही येते, म्हणून खायला घालणं थांबवा. ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवा, टाकीच्या झाकणाला कडी लावा. स्वयंपाकघराच्या खिडकीला लोखंडी बारीक जाळी बसवा, नायलॉनची जाळी ती दातांनी फाडतात. माकड समोर आलं तर डोळ्यांत रोखून बघू नका, पाठ फिरवून पळू नका, हळूहळू मागे सरा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माकड स्वतः पकडून दुसऱ्या गावात सोडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी टोळी येतेच. त्रास वाढला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पिकाचं नुकसान झालं तर फोटो काढून, पीक मोडण्याआधी, तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या. उरलेले वेल उपटून टाकलेत, तर पंचनाम्याला दाखवायला काही राहत नाही.