मांजर आणि उंदराचं औषध एकाच घरात नको: या चुका टाळा

सुगी संपून भाताची पोती माळ्यावर चढली की खानापूर-बेळगाव भागात दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते, मांजराचं पिल्लू आणि उंदराचं औषध. बरेच जण दोन्ही एकाच आठवड्यात घरी आणतात. सगळ्यात वाईट चूक हीच, आणि दरवर्षी ती कुणीतरी करतंच.

आमच्या शेजारच्या काकांनी माळ्यावर ब्रोमाडायोलोनचे निळे केक ठेवले. मांजर केक खात नाही, मग काळजी कसली, हा त्यांचा हिशेब. पण या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणं बंद होतं, तो तीन-चार दिवस सुस्त फिरतो आणि मग मरतो. असा सुस्त उंदीर मांजराला आयता सापडतो. एखाद्या उंदराने सहसा काही होत नाही, पण रोज असे उंदीर पोटात गेले की विष मांजराच्या यकृतात साठत जातं.

काही दिवसांनी काकू आल्या. "मांजर कालपासून दूध बी पिईना की वो, नुसतं कोपऱ्यात बसलंय." मी त्याचा ओठ वर करून पाहिला. गुलाबी असायला हव्यात त्या हिरड्या पांढऱ्याफटक होत्या, आणि पोटावर केसांखाली जांभळट डाग. अशा वेळी तेल-हळद पाजत बसू नका. औषधाचं पाकीट घ्या आणि जनावरांचा दवाखाना गाठा. काकूंनी पाकीट नेलं म्हणून डॉक्टरांना विष कोणतं ते लगेच कळलं. व्हिटॅमिन के-१ सुरू झालं, ते महिनाभर चालू ठेवावं लागलं आणि मांजर वाचलं. चार दिवसांनी मांजर खेळायला लागलं तेव्हा काका गोळ्या बंद करायला निघाले होते. तसं केलं असतं तर रक्तस्राव पुन्हा सुरू झाला असता, कारण हे विष शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं. आणि काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाईड, पोटात गेली तर त्यावर उतारा औषधच नाही.

म्हणून मांजर आणायचं ठरलं की आधी सगळे केक मोजून उचला. विष खाल्लेले उंदीर त्यानंतरही आठ-दहा दिवस मरत राहतात. ते हाताला पिशवी गुंडाळून उचला आणि खोल पुरा. मी तर शेवटचा केक उचलल्यावर तीन आठवडे मांजर आणूच देत नाही. लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसरी चूक, मांजराला उपाशी ठेवणं. "पोट भरलं तर उंदीर कशाला धरील?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. शिकार ही भुकेवर अवलंबून नसते. उपाशी मांजर दुसऱ्याच्या घरी जातं, कोंबडीची पिल्लं उचलतं, नाहीतर अशक्त होऊन पडून राहतं. नुसत्या दूधभातावरही त्याचं भागत नाही. मांस-मासळीतून मिळणारं टॉरिन कमी पडलं तर मांजराची नजर जाते, हृदय कमजोर होतं. सुकटीचा चुरा, मासळीची डोकी, अंडं, काहीतरी रोज द्या. संध्याकाळी ठरलेल्या वेळी दिलं की रात्री ते घरातच राहतं, आणि आपल्याला ते तिथेच हवं असतं.

आता मांजराकडून काय होत नाही ते. ते लहान उंदीर धरतं, आणि त्याच्या वासाने नवे उंदीर वस्तीला यायला कचरतात. पण गोठ्याखाली बिळं करणारी मोठी घूस बहुतेक मांजरं अंगावर घेत नाहीत. तिच्यासाठी पिंजराच लावा. भिंतीतली भोकंही मांजर बुजवत नाही. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो, तेव्हा सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालून त्या बुजवा. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळीवर ठेवा, म्हणजे मांजराला मागे शिरता येतं. आणि मांजर आहे म्हणून उंदीरताप टळत नाही. तो उंदराच्या मुतातून, ओल्या जखमेवाटे होतो. चिखलात उतरताना पायाची जखम झाका.

मांजर तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे दरवर्षी. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. सहाव्या महिन्याच्या आसपास शस्त्रक्रिया करून घ्या, नाहीतर वर्षभरात पिल्लांना घरं शोधत फिराल. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, एक गोळीही जीव घेते.

घरात गर्भवती असेल तर मांजराची घाण तिने काढू नये. त्यातला टॉक्सोप्लाझ्मा बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून दुसऱ्या कुणीतरी ती रोजच्या रोज उचलावी. बांधकामाच्या वाळूचा ढीगही झाकून ठेवा. मांजरं तिथेच बसतात आणि पोरं तिथेच खेळतात. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करा, चावणारं मांजर घरचं असलं तरी.